स्ट्रॅटेजी दुसऱ्याच्या हाती सोपवताना: हँडओव्हर नोट कशी लिहायची आणि त्यात हमखास काय राहून जातं

नाशिकमध्ये गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या आसपास स्वतःच्या भांडवलावर अल्गो चालवणारे छोटे डेस्क आता बरेच आहेत. दोन-तीन माणसं, एक स्ट्रॅटेजी लिहिणारा, आणि तो सोडून गेला की मागे उरतं ते कोड आणि एक पानभर नोट. त्या नोटमध्ये 'ब्रेकआउटवर एंट्री, उलट्या टोकाला स्टॉप, सव्वातीनला एक्झिट' एवढंच असतं. तीन महिन्यांनी फोन येतो, "दादा, स्ट्रॅटेजी बंद पडली का हो?" बहुतेक वेळा ती बंद पडलेली नसते. नव्या माणसाकडे फक्त ते ओळखण्याचं साधन नसतं.

मी स्वतः अशी नोट दोनदा लिहिली. पहिली वाईट होती. दुसरी लिहिताना ज्या क्रमाने गेलो, तोच क्रम खाली देतो. उदाहरणाला एकच स्ट्रॅटेजी घेतली आहे: निफ्टी फ्युचरमधला इंट्राडे ओपनिंग रेंज ब्रेकआउट. पहिल्या अर्ध्या तासाची रेंज धरायची, पाच मिनिटांची कँडल तिच्या बाहेर बंद झाली की त्या दिशेने सौदा, स्टॉप रेंजच्या दुसऱ्या टोकाला, आणि ३:१५ ला काहीही असो, बाहेर. इथले आकडे नोट कशी लिहायची हे दाखवण्यासाठी आहेत. त्यावर पैसे लावू नका.

## तयारी: राजीनामा दिल्यावर लगेच, शेवटच्या आठवड्यात नाही

तीन आठवडे हाताशी ठेवा. लिहायला चार दिवस पुरतात, बाकीचा वेळ पडताळणीत जातो. टेबलावर चार गोष्टी हव्यात: ब्रोकरकडून काढलेलं किमान एक वर्षाचं ऑर्डरबुक (नाकारलेल्या ऑर्डरींसह), सध्या लाइव्ह चालणारं कोड जसंच्या तसं, शेवटचा बॅकटेस्ट ज्या डेटावर केला तो डेटा, आणि तुमचे स्वतःचे मेसेज. शेवटची गोष्ट वाचून हसू येईल, पण 'आज नको घेऊ, पॉलिसी आहे' असे निरोप व्हॉट्सॲपवरच सापडतात.

इशारा: लाइव्ह मशीनवरचं कोड आणि रिपॉझिटरीतलं कोड एकच आहे, असं गृहीत धरू नका. दोन्ही फाइल्स शेजारी ठेवून फरक पाहा. माझ्याकडे दोन ओळींचा फरक निघाला होता, आणि त्यातली एक ओळ स्टॉपची होती.

## टप्पा १: आठवणीतून लिहू नका, ऑर्डरबुकातून लिहा

बहुतेक जण इथेच चुकतात. कोरं पान उघडून 'स्ट्रॅटेजीचे नियम' असं शीर्षक टाकतात आणि मनातली स्ट्रॅटेजी उतरवतात. मनातली स्ट्रॅटेजी नेहमी स्वच्छ असते. बाजारात चाललेली तशी नसते.

आधी कोड गेल्या वर्षाच्या डेटावर पुन्हा चालवा. प्रत्येक दिवसासमोर तीन रकाने करा: कोडच्या मते काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि फरक असेल तर कशामुळे. माझ्या तक्त्यात कोडचे १७१ सौदे होते आणि ऑर्डरबुकात १५८. तेरा सौदे गायब. चार ऑर्डरी ब्रोकरने नाकारल्या होत्या, दोन दिवस इंटरनेट गेलं होतं, आणि उरलेले सात दिवस मी स्वतः स्विच बंद करून बसलो होतो.

ते सात दिवस या नोटमधला सगळ्यात महत्त्वाचा मजकूर ठरले. त्यातले तीन दिवस आधीपासून ठरलेल्या घटनांचे होते: बजेट, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण, निवडणुकीचा निकाल. उरलेले चार 'आज बाजार बरोबर वाटत नाही' या सदरातले. वर्षभर माझा समज होता की माझ्या या नाकामुळे पैसे वाचतात. सात दिवसांचे कोडचे निकाल मांडले तेव्हा बेरीज जवळजवळ शून्य आली. चार दिवशी तोटा टळला होता, तीन दिवशी नफा हुकला होता.

मग नोटमध्ये काय लिहायचं? माझं मत असं: ज्या हस्तक्षेपाचं कारण आदल्या दिवशी कॅलेंडरवर लिहिता येतं, तो नियम म्हणून लिहा. पतधोरणाचं निवेदन सकाळी १० वाजता सुरू होतं. आपली रेंज ९:४५ ला पूर्ण होते. म्हणजे ब्रेकआउट येतो तो नेमका गव्हर्नर बोलत असताना, आणि तेव्हाची पहिली चाल बऱ्याचदा उलटते. हे कारण सांगता येतं, म्हणून तो नियम. जे सांगता येत नाही ते 'मी असं चार वेळा केलं, फायदा झाला नाही, तू करू नकोस' एवढ्या शब्दांत लिहा. लपवू नका. नाहीतर वारसदाराला वाटेल की तुमचे आकडे निव्वळ कोडचे आहेत.

तपासणी: तक्त्यात 'कारण माहीत नाही' असा एकही दिवस उरला असेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: नियम असे लिहा की दोन माणसांचं उत्तर एकच येईल

'पहिल्या अर्ध्या तासाची रेंज' हे वाक्य स्पष्ट वाटतं. माझ्या जागी आलेल्या मुलीने पहिल्याच दिवशी विचारलं, "दादा, ९:४५ ची कँडल आत धरायची की बाहेर?" मी म्हणालो बाहेर. ती म्हणाली, "पण कोडमध्ये आत आहे."

भानगड अशी आहे. काही डेटा पुरवणारे कँडलवर सुरुवातीची वेळ छापतात, काही शेवटची. सुरुवातीची वेळ असेल तर ९:४५ चा शिक्का असलेली एक मिनिटाची कँडल ९:४५ ते ९:४६ ची असते. आणि पांडाजमधलं `between_time` दोन्ही टोकं धरतं. त्यामुळे '९:१५ ते ९:४५' लिहिलं की तीस नव्हे, एकतीस कँडल येतात. नोटमध्ये मी शेवटी शब्दांबरोबर हेही दिलं:

```python
# एकाच दिवसाच्या १ मिनिटाच्या कँडल, शिक्का सुरुवातीच्या वेळेचा
rng = df.between_time("09:15", "09:44")
assert len(rng) == 30
high, low = rng["high"].max(), rng["low"].min()
```

`assert` ची ओळ शोभेची नाही. एखादी कँडल डेटात आली नाही तर सौदा न घेता थांबायचं, हाही नियमच आहे आणि तो इथे लिहिला जातो.

याच पद्धतीने प्रत्येक नियमाला एकच प्रश्न विचारा: वाचणारा माणूस इथे दुसरं काही समजू शकतो का? माझ्या नोटमध्ये अशा चार जागा निघाल्या. कँडल रेंजच्या टोकावर बरोबर बंद झाली तर तो ब्रेकआउट नाही, टोकाच्या बाहेर हवी. पहिला सौदा स्टॉपला गेला तर उलट्या दिशेने एक सौदा चालतो, तिसरा नाही. दुपारी दीडनंतर नवी एंट्री नाही. आणि स्टॉपची ऑर्डर एंट्री भरल्याबरोबर ब्रोकरकडे जाते, आपल्या मशीनवर वाट पाहत बसत नाही. शेवटच्याचा फरक इंटरनेट गेल्यावर कळतो.

### किती लॉट? हा नियम हिशेबासकट लिहा

आकारमानाचा नियम वाक्यात लिहिला तर हमखास गोंधळ होतो. एक पूर्ण उदाहरण सोडवून द्या.

```
lots = floor( capital * risk / ((high - low) * lot_size) )
```

भांडवल ५० लाख, एका सौद्यात जोखीम अर्धा टक्का, म्हणजे २५,००० रुपये. रेंज २४,०२० ते २४,१००, म्हणजे ८० अंक. लॉट ७५ चा धरला तर एका लॉटची जोखीम ६,००० रुपये. भागाकार ४.१६, म्हणून ४ लॉट, जोखीम २४,०००.

आता इथली मेख. एंट्री रेंजच्या टोकावर होत नाही, कँडल बंद झाल्यावर होते. समजा कँडल २४,११८ ला बंद झाली. स्टॉप २४,०२० लाच आहे. खरं अंतर ९८ अंक, आणि ४ लॉटवर तोटा २९,४००. ठरवलेल्या २५ हजारांपेक्षा जास्त. हा दोष मला माहीत होता आणि मी तो मुद्दाम तसाच ठेवला होता, कारण सगळा बॅकटेस्ट त्याच सूत्रावर झाला होता आणि अर्धवट दुरुस्ती केली तर जुने-नवे आकडे जुळणार नाहीत. पण हे लिहिलं नाही तर नवा माणूस पहिल्याच मोठ्या तोट्याला 'बग' समजून बाजार चालू असताना सूत्र बदलतो. म्हणून सूत्राखालीच ओळ लिहा: 'प्रत्यक्ष तोटा ठरवलेल्या जोखमीपेक्षा जास्त येऊ शकतो. हे माहीत आहे. बदलायचं असेल तर आधी पूर्ण बॅकटेस्ट.'

## टप्पा ३: गृहीतकं लिहा, आणि प्रत्येकासमोर ते कधी खरं होतं ते लिहा

नियम म्हणजे आपण काय करतो. गृहीतक म्हणजे बाजार, सरकार आणि ब्रोकर काय करत राहतील असं आपण धरून चाललो आहोत. नियम मोडला तर लगेच कळतो. गृहीतक मोडलं तर कोड कुरकुर न करता चालत राहतं, चुकीचं.

लॉटचंच घ्या. निफ्टीचा लॉट गेल्या दहा-अकरा वर्षांत ७५, ५०, २५ आणि पुन्हा ७५ असा फिरला आहे, आणि त्याच्यापुढेही बदलतो. २०२४ च्या शेवटी सेबीने कराराचं किमान मूल्य वाढवलं तेव्हा नव्या करारांचा लॉट २५ चा ७५ झाला. एका जुन्या कोडमध्ये २५ हा आकडा मी हाताने टाकलेला होता. ब्रोकरच्या एपीआयला आपण संख्या देतो, लॉट नाही. रेंज ८० अंकांची असेल तर जुन्या हिशेबाने १२ लॉट, म्हणजे ३०० ची ऑर्डर. तीनशे ७५ ने भागले जातात, ऑर्डर गुपचूप पास. रेंज १३० असेल तर ७ लॉट, म्हणजे १७५. भागले जात नाहीत, ऑर्डर नाकारली. म्हणजे स्ट्रॅटेजी काही दिवस चालत होती आणि काही दिवस नाही, आणि चालण्या-न चालण्याचा बाजाराशी काही संबंध नव्हता. टप्पा १ मधल्या चार नाकारलेल्या ऑर्डरी त्याच. नोटमधली ओळ अशी असायला हवी होती: 'लॉट आणि एक्स्पायरी रोज सकाळी ब्रोकरच्या इन्स्ट्रुमेंट फाइलमधून वाचायची, कोडमध्ये आकडा लिहायचा नाही.'

एक्स्पायरीचंही तेच. महिन्याचा शेवटचा गुरुवार हे इतकं अंगवळणी पडलं होतं की कुणाला ते गृहीतक वाटतच नव्हतं. सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीची एक्स्पायरी मंगळवारवर गेली. 'शेवटच्या गुरुवारनंतर पुढच्या महिन्यात जा' असं लिहिलेलं कोड तेव्हापासून बऱ्याच महिन्यांत बुधवार-गुरुवारी संपलेला करार शोधत बसेल.

खर्चाचं गृहीतक जास्त आतबट्ट्याचं, कारण ते ऑर्डर नाकारत नाही, नुसतं कुरतडतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून फ्युचरच्या विक्रीवरचा एसटीटी ०.०१२५ टक्क्यांवरून ०.०२ टक्के झाला. निफ्टी २४,००० आणि लॉट ७५ धरला तर कराराचं मूल्य १८ लाख. कर आधी २२५ रुपये होता, मग ३६०. लॉटमागे १३५ रुपये वाढ म्हणजे १.८ अंक. ऐकायला किरकोळ. पण स्ट्रॅटेजीची दर सौद्यामागची निव्वळ सरासरी ६ अंक असेल तर त्यातला जवळपास तिसरा हिस्सा एका बजेटमध्ये गेला. म्हणून नोटमध्ये 'खर्च धरला आहे' असं लिहू नका. कोणता दर, कोणत्या तारखेचा, आणि स्लिपेज किती अंक धरलं ते लिहा. आणि हे आकडे नव्या माणसाने रुजू होण्याच्या दिवशी ताजे करायचे आहेत, हेही.

तपासणी: प्रत्येक गृहीतकासमोर तीन गोष्टी आहेत का? आकडा, शेवटचा तपासल्याची तारीख, आणि तो बदलला तर कुठे कळेल ती जागा. 'एक्स्चेंजचं परिपत्रक' ही जागा चालते. 'बातम्यांमध्ये येईल' ही चालत नाही.

## टप्पा ४: माहीत असलेल्या कमजोऱ्या, लाज न बाळगता

इथे लोक एकतर काहीच लिहीत नाहीत किंवा 'साइडवेज बाजारात तोटा होतो' एवढं लिहून मोकळे होतात. प्रत्येक ब्रेकआउट स्ट्रॅटेजीला साइडवेजमध्ये तोटा होतो. ही माहिती नाही. वारसदाराला हवं ते हे: नेमकं काय घडलं की ती अडकते, पडद्यावर ते कसं दिसतं, आणि तेव्हा हात कुठे ठेवायचा.

माझ्या नोटमधली सर्वात लांब नोंद ३:१५ च्या एक्झिटची होती. सव्वातीनला बाहेर पडणं हे आपण सुरक्षिततेचं कुंपण समजतो. २४ फेब्रुवारी २०२१ ला तांत्रिक बिघाडामुळे एनएसईवरचे व्यवहार ११:४० ला थांबले आणि ३:४५ ला पुन्हा सुरू होऊन ५ वाजेपर्यंत चालले. अशा दिवशी आपलं कोड ३:१५ ला एक्झिट पाठवतं, ऑर्डर नाकारली जाते, ३:३० ला स्क्रिप्ट ठरल्याप्रमाणे बंद होते, आणि पोझिशन उघडी राहते. ३:४५ ला बाजार उघडतो तेव्हा पाहायला कुणी नसतं. नोटमधली सूचना: 'ब्रोकरकडची निव्वळ पोझिशन शून्य दिसेपर्यंत स्क्रिप्ट बंद होता कामा नये. शून्य नसेल तर दर मिनिटाला आवाज.'

उलटा प्रकार छोट्या सत्रांचा. २ मार्च २०२४ च्या शनिवारी डिझास्टर रिकव्हरी साइट तपासण्यासाठी खास सत्र झालं, आणि सकाळचा भाग जेमतेम पाऊण तासाचा होता. आपली रेंजच अर्ध्या तासाची. दिवाळीतलं मुहूर्ताचं सत्रही तसंच. कोडला शनिवार-रविवार सोडून सगळे दिवस सारखे वाटतात, आणि काही शनिवार तर बाजारालाही चालू दिवस असतात. खास सत्रांत स्विच बंद, एवढी एक ओळ पुरे.

एक कमजोरी अशी आहे की जी मालकाला वाचायला आवडत नाही, तरी लिहा: किती आकारापर्यंत हे तपासलं आहे. माझे प्रत्यक्ष सौदे ७५ च्या ६ लॉटांच्या वर कधी गेले नाहीत. चाळीस लॉटला स्लिपेज किती येईल हे बॅकटेस्ट सांगत नाही. तुम्ही गेल्यावर भांडवल वाढवायचा मोह होणारच, तेव्हा ही ओळ नव्या माणसाच्या हातात असू द्या.

आणि एक नाशिकची. सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या अल्गोविषयक परिपत्रकानंतर एपीआयच्या ऑर्डरी ब्रोकरकडे नोंदलेल्या स्टॅटिक आयपीवरूनच जायला हव्यात. सध्या सिंहस्थाच्या तयारीसाठी शहरात रस्त्यांची खोदकामं चालू आहेत आणि खोदकामात केबल तुटणं काही नवलाचं नाही. पूर्वी केबल तुटली की मोबाइलचा हॉटस्पॉट लावायचो. आता हॉटस्पॉटचा आयपी नोंदलेला नसतो. डेटा येतो, चार्ट हलतो, सगळं ठीक वाटतं, आणि ऑर्डर मात्र जात नाही. हे वाईट, कारण चालू असल्याचा भास होतो. नोटमध्ये पर्याय क्रमाने लिहा: आधी ब्रोकरच्या मोबाइल ॲपमधून हाताने पोझिशन बंद करणं, ते जमलं नाही तर डीलिंग डेस्कला फोन. फोन नंबर नोटमध्ये आणि भिंतीवर, दोन्हीकडे. स्ट्रॅटेजी मुंबईतल्या क्लाउड सर्व्हरवर हलवणं हा खरा इलाज, पण तो जाण्याच्या आदल्या आठवड्यात करू नका. निघता निघता घर बदलू नये.

### करून पाहिलेलं आणि फसलेलं

अर्धं पान याला द्या. मी रेंजची लांबी, वेळेची मर्यादा आणि एक व्हॉल्यूमची चाळणी मिळून २७ जोड्या तपासल्या होत्या. हा आकडा लिहायलाच हवा. सत्तावीसमधून निवडलेल्या उत्तराचा बॅकटेस्ट आणि पहिल्याच प्रयत्नात आलेल्या उत्तराचा बॅकटेस्ट यांना सारखी किंमत देता येत नाही. शेजारच्या किमतींचे निकालही द्या: २० आणि ४५ मिनिटांची रेंजही नफ्यात होती, ३० पेक्षा कमी. शेजारी तोट्यात असते तर ३० वर माझाच विश्वास बसला नसता. व्हॉल्यूमची चाळणी बॅकटेस्टमध्ये छान दिसली आणि लाइव्हमध्ये तीन महिने काही कामाची ठरली नाही. हे लिहिलं नाही तर नवा माणूस दिवाळीपर्यंत तीच चाळणी पुन्हा शोधून काढतो.

## टप्पा ५: 'वाईट काळ' आणि 'बिघाड' यांतला फरक आकड्यात लिहा

सुरुवातीला सांगितलेला तो फोन इथे थांबतो.

या स्ट्रॅटेजीत दहातले साधारण चार सौदे नफ्याचे असतात. उरलेले सहा लहान तोट्याचे. अशा गणितात सलग तोटे किती येऊ शकतात? एक सौदा तोट्यात जाण्याची शक्यता ०.६, म्हणजे ठरावीक दहाच्या दहा तोट्यात जाण्याची ०.६ चा दहावा घात, साधारण ०.६ टक्के. हे वाचून वाटतं की असं कधी होणारच नाही. पण हजार सौद्यांत अशी मालिका कुठूनही सुरू होऊ शकते, आणि हिशेब केला तर सलग दहा किंवा जास्त तोट्यांच्या सरासरी दोन-तीन मालिका निघतात. सगळ्यात लांब मालिका अकरा-बाराच्या आसपास. प्रत्यक्षात तोटे एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, शांत बाजारात ते गठ्ठ्याने येतात, म्हणून खरी मालिका याहून थोडी लांबच समजा. नोटमध्ये मी लिहिलं: 'सलग बारा तोटे आले तरी एवढ्यावरून बिघाड म्हणू नकोस.'

मग बिघाड कशावरून म्हणायचा? खात्यातल्या तोट्यावरून नाही. दर शुक्रवारी त्या आठवड्याचा डेटा कोडमधून पुन्हा चालवायचा आणि प्रत्येक सौद्याचा लाइव्ह भाव कोडच्या भावाशी ताडून पाहायचा. कोडही तोट्यात आणि लाइव्हही तोट्यात, फरक धरलेल्या स्लिपेजएवढाच, तर बाजार आहे, बसून राहा. कोड नफ्यात आणि लाइव्ह तोट्यात, तर बाजाराला दोष देऊ नका. एपीआय, डेटा, वेळ, लॉट यांत काहीतरी हललं आहे. हा फरक वीस-पंचवीस सौद्यांत दिसायला लागतो. नफा-तोट्याच्या आकड्यावरून काही कळायला वर्ष जातं.

थांबण्याची रेषा मात्र आधीच आखून द्या, आणि त्यावर मालकाची सही घ्या. माझी अशी होती: बॅकटेस्टमधल्या सर्वात खोल घसरणीएवढी घसरण झाली की आकार निम्मा, तिच्या दीडपटीला पूर्ण बंद. दीडपट हा आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही, माझ्या अंदाजाचा आहे, आणि नोटमध्ये तसंच लिहिलं आहे.

इशारा: घसरणीच्या मधोमध नियम बदलायचा नाही. बंद करायचं, सुधारायचं, तपासायचं, मग चालू करायचं. ही ओळ मोठ्या अक्षरात.

## टप्पा ६: चाव्या

हे आटोपशीर. पासवर्ड आणि एपीआयच्या की नोटमध्ये लिहायच्या नाहीत, त्या कुठे ठेवल्या आहेत ते लिहायचं. लॉगिनचा टीओटीपी कुणाच्या फोनवर आहे ते पाहा. जवळजवळ नेहमी तो जाणाऱ्याच्या फोनवर असतो, आणि सोमवारी सकाळी ९ वाजता कळतं. तो शेवटच्या दिवसाच्या किमान चार बाजार-दिवस आधी हलवा, म्हणजे अडलं तर तुम्ही हजर असाल. स्टॅटिक आयपीचं कनेक्शन कुणाच्या नावावर आहे, बिल कधी भरायचं, डेटाचं सबस्क्रिप्शन कुणाच्या कार्डवरून जातं, हेही. तुम्ही गेल्यावर तुमच्या सगळ्या की रद्द झाल्याचा मेल मागून घ्या. तो तुमच्याच संरक्षणासाठी आहे.

## टप्पा ७: नोटची परीक्षा, कोड बंद ठेवून

शेवटच्या आठवड्यात वारसदाराला फक्त नोट आणि पाच दिवसांचा एक मिनिटाचा डेटा द्या. कोड नाही, तुम्ही शेजारी नाही. रेंज, एंट्रीची वेळ, लॉट, स्टॉप, एक्झिट, सगळं कागदावर काढायला सांगा. दिवस निवडताना एक साधा, एक दोन सौद्यांचा, एक सौदाच न झालेला, एक गॅपने उघडलेला, आणि एक ४ जून २०२४ सारखा घ्या. त्या दिवशी निवडणुकीच्या निकालावर निफ्टी जवळपास सहा टक्के पडला होता.

आमच्याकडे पाचातले तीन जुळले. न जुळलेल्यांतला एक तोच, निकालाचा. तिने सौदा घेतला होता, माझ्या ऑर्डरबुकात नव्हता. मी 'निकालाच्या दिवशी बंद' असं लिहिलं होतं, आणि तिला वाटलं कंपन्यांचे तिमाही निकाल. त्यांच्या हंगामात तर जवळजवळ रोजच निकाल असतात, म्हणून तिने ती ओळच अशक्य समजून सोडून दिली. ओळ बदलून 'लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीचा दिवस' अशी केली. दुसरा दिवस गॅपचा. तिची दिशा आणि वेळ बरोबर होती, पण भाव चाळीस अंकांनी वेगळे. मी डेटा म्हणून महिन्यामहिन्यांचे करार जोडून केलेली अखंड मालिका दिली होती, जिच्यात मागचे भाव रोलओव्हरच्या फरकाने सरकवलेले असतात, आणि ऑर्डरबुकात मूळ कराराचे भाव होते. रेंजची लांबी दोन्हीत तीच, म्हणून लॉट जुळले, भाव नाही. मालिका कोणत्या पद्धतीने जोडली आहे आणि मूळ भाव कोणत्या फोल्डरमध्ये आहेत, या दोन ओळी तिथेच वाढवल्या.

दुरुस्त नोटवर दुसरे पाच दिवस द्या. पाचही जुळले की नोटला तारीख आणि आवृत्ती क्रमांक टाका आणि ती कोडच्याच रिपॉझिटरीत ठेवा, मेलमध्ये नाही. नंतर महिनाभर जे प्रश्न येतील त्यांची उत्तरं फोनवर देऊ नका. लेखी द्या आणि तीही नोटच्या तळाशी तारखेनिशी चिकटवायला सांगा. मला नऊ प्रश्न आले. त्यातले पाच त्या जोडलेल्या मालिकेबद्दलचे होते, म्हणजे ती दोन ओळींची भर पुरेशी नव्हती. आता तिथे एका रोलओव्हरचं पूर्ण सोडवलेलं उदाहरण आहे, आणि ते तिने लिहिलेलं आहे.